बोलणारी नदी आणि शहाणं झाड : गोष्टीत त्यांना हाक काय मारायची?

सायली_लिहितेय
नमस्कार मंडळी. दुसरी ते चौथीच्या मुलांसाठी एक मोठी अद्‌भुतकथा लिहिते आहे. रोज रात्री एक भाग मोठ्याने वाचून दाखवता यावा, अशी. गाव कल्पित आहे, पण डोळ्यांसमोर भोर-वेल्ह्याकडचा मुलूख आहे. डोंगराच्या पायथ्याची भातखाचरं, पावसाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी, उन्हाळ्यात नुसते डोह.

गोष्टीत दोन पात्रं माणसं नाहीत. एक म्हणजे गावाच्या वेशीवरचं फार जुनं झाड. गावात आजवर काय काय घडलं ते सगळं त्याला ठाऊक आहे. दुसरी नदी, जी ९ वर्षांच्या रखमाशी बोलते. सध्या खर्ड्यात झाडाचं नाव ‘ज्ञानवृक्ष’ आणि नदीचं ‘वाक्‌सरिता’ आहे. भाचरांना दोन भाग वाचून दाखवले. गोष्ट त्यांना आवडली, पण दुसऱ्या दिवशी ती ‘ते झाड’ आणि ‘ती नदी’ असंच बोलत होती. दोन्ही नावं एकाच्याही तोंडात बसली नव्हती. रखमाचं नाव मात्र सगळ्यांच्या लक्षात होतं.

झाडाची जातही अजून पक्की नाही. वड, पिंपळ, आंबा, काहीही चालेल. नावं सुचवा, आणि ती का चालतील तेही सांगा.

कौस्तुभ_के
झाड जुनं आणि शहाणं दाखवायचं तर नाव संस्कृतच हवं, त्याशिवाय त्याला वय येत नाही. ‘वटेश्वर’ कसं वाटतं? नदीला ‘शब्दवाहिनी’. आणि मराठीत झाड पुरुष, नदी स्त्री हे ठरलेलंच आहे, त्यामुळे तो प्रश्न सुटलेला आहे.

शुद्धलेखनिक
कौस्तुभ, ‘वटेश्वर’ म्हटलं की मुलांना महादेवाचं देऊळ दिसेल, झाड नाही. पिंपळेश्वर, वटेश्वर ही नावं आपल्याकडे देवळांनी आधीच घेतलेली आहेत. आणि लिंगाचं म्हणाल तर चिंच, बाभूळ, जांभूळ, बकुळ या सगळ्या ‘ती’ आहेत. वेशीवरची म्हातारी चिंच ही आजी होईल, आजोबा नाही. नदी सोडून ओढा घेतला तर तो ‘तो’. म्हणजे जात ठरवली की निम्मं पात्र ठरतं, आणि म्हणून जात आधी ठरवा, नाव नंतर.

सायली, मी बरीच वर्षं मुलांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. नावाची माझी चाचणी एवढीच, की त्या नावाला विभक्ती लावून चार वाक्यं मोठ्याने वाचायची. ‘ज्ञानवृक्षाने मान हलवली. रखमा ज्ञानवृक्षापाशी गेली. ज्ञानवृक्षाच्या ढोलीत…’ दर वेळी पाच-सहा अक्षरं होतात, आणि वाचणाऱ्या आईचाच दम जातो.

आता वाघोबा आणि चांदोबा बघा. वाघोबाने, वाघोबाला, वाघोबापाशी. नाव कुठेही मोडत नाही. ‘-बा’, ‘-आई’, ‘-या’ यांनी संपणारी नावं प्रत्यय लागला तरी जशीच्या तशी राहतात, म्हणून कानाला दर वेळी तेच नाव ऐकू येतं. याउलट झाडाचं नाव ‘पांगारा’ ठेवलंत तर लगेच ‘पांगाऱ्याने’ येणार. मोठ्यांना यात काही अडत नाही. पण सहा-सात वर्षांचं मूल पहिल्या दोन पानांत नाव पकडू पाहत असतं, तेव्हा ते बदलत राहिलं तर निसटतं.

नदीच्या बाबतीत याहून नाजूक गोष्ट आहे. समजा तुम्ही तिला ‘नीरा’ म्हटलंत. मग ‘नीरेने सांगितलं’ लिहिणार की ‘नीराने सांगितलं’? आपण नदीला ‘कृष्णेच्या काठी’, ‘गंगेला’ म्हणतो. वर्गातल्या मुलीला आजकाल ‘नीराने’, ‘नीराला’ म्हणतो. ‘नीरेने’ लिहिलंत की ती नदी राहते, ‘नीराने’ लिहिलंत की रखमाची मैत्रीण होते. कोणतं हवं ते ठरवा आणि शेवटच्या भागापर्यंत सांभाळा. पाचव्या भागात ‘नीरेला’ आणि सहाव्यात ‘नीराला’ असे खर्डे माझ्याकडे नेहमी येतात. हा घोळ नको असेल तर ईकारान्त नाव घ्या. तुमच्याच भागातली गुंजवणी बघा, कानंदी बघा. गुंजवणीने, कानंदीला, काही बदलत नाही.

ईशानची_आई
छान धागा. आमच्याकडे भाचीचं बारसं आहे, आणि नदीवरून नाव ठेवायचं चाललंय. इरावती, शरयू, वेण्णा यांतलं कोणतं चांगलं? जोडाक्षर नको असं आजी म्हणते.

सायली_लिहितेय
ईशानची आई, इथे गोष्टीतल्या नदीचं नाव शोधतोय. पण जोडाक्षर नको असेल तर वेण्णा बाद, आणि दोघींत मला शरयू गोड वाटतं.

शुद्धलेखनिक, नीरेने-नीराने हे माझ्या लक्षातच आलं नसतं. फार उपयोगी.

बांधावरचा
आमचं गाव भोरपासून लांब नाही, म्हणून लिहितो. गावाकडं झाडाला नाव असतंच, त्यासाठी गोष्ट लिहायला लागत नाही. रायवळ आंब्याला तर प्रत्येकाला वेगळं. आमच्या शिवारात शेंदऱ्या आहे, खोबऱ्या आहे, साखऱ्या आहे, आणि शेपूसारखा वास येतो म्हणून शेप्या. फळाला शेंदरी लाली चढते तो शेंदऱ्या. गर खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या. “खोबऱ्याखाली बैलं बांधलीत” म्हटलं की कुठं ते अख्ख्या गावाला कळतं.

याला कारण आहे. रायवळ कोयीपासून उगवतो, आणि कोयीचं झाड आईसारखं फळ देईलच असं नाही. शेजारी शेजारी दोन कोया लावल्या तरी एक गोड निघतो, एक आंबट, एकाला नुसत्या दशा. म्हणून प्रत्येक झाड वेगळं आणि प्रत्येकाला नाव वेगळं. कलमाच्या हापूसला कुणी असं नाव देत नाही, कारण शंभर झाडं लावली तरी सगळ्यांचं फळ एकच.

तुमचं झाड शहाणं आणि एकमेव आहे ना? मग रायवळ आंबा घ्या. नाव गावाने चवीवरून ठेवलेलं असू द्या. शहाणा आहे हे नावात सांगायची गरजच नाही, ते तो बोलायला लागला की कळंल.

पारंबी
व्वा, बांधावरचा! आमच्या आजोळी ‘गोटी’ होता, लहान गोल फळांचा. पण मला एक अडचण दिसते. ‘-या’ने गण्या, पक्या अशी सलगीची हाक होते. गावातल्या सगळ्यात वडील झाडाला रखमा ‘खोबऱ्या’ म्हणेल का? मोठ्यांना असं हाक मारतात हे आपणच मुलांना शिकवल्यासारखं होईल. ‘वडोबा’ जास्त बरं.

मास्तर_झेडपी
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी शिकवतो. जातीविषयी थोडं सांगतो.

पिंपळ घेऊ नका, किंवा घेतलात तर जाणून घ्या. आमच्या वर्गात पिंपळ म्हटलं की निम्मी पोरं ‘मुंजा’ म्हणून ओरडतात. चिंचेचंही तसंच, तिच्यावर भूत असतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. औदुंबर म्हटला की दत्त येतात. वडावर वटपौर्णिमेचं सूत असतं. म्हणजे ही झाडं गोष्टीत येताना आपापल्या गोष्टी घेऊन येतात. तुम्हाला त्या वापरायच्या असतील तर उत्तम. मुंजाला सगळे घाबरतात आणि तो बिचारा मुलांशी खेळायला आसुसलाय, अशी गोष्ट मी स्वतः आनंदाने वाचेन. पण तुमचं झाड गावाची आठवण आहे. मुंजा आला तर तो ती गोष्ट आपल्याकडे ओढून नेईल. रायवळ आंब्यावर असं कुणाचं राज्य नाही, म्हणून तो मला पटतो.

पारंबी यांचा ‘-या’चा मुद्दा खरा आहे, पण उपाय नावात शोधू नका, क्रियापदात शोधा. आपण आजोबांना ‘आजोबा म्हणाले’ म्हणतो. देवाला मात्र ‘खंडोबा पावला’, ‘विठोबा उभा आहे’. आईला ‘आई म्हणाली’. जवळच्याला आणि देवाला एकवचन, वडीलधाऱ्याला अनेकवचन. ‘वडोबा’ ठेवलंत तर ‘वडोबा म्हणाला’ आपोआप येईल. ‘आंबेआजोबा’ ठेवलंत तर ‘म्हणाले’ आणि ‘तुम्ही’ लागेल, आणि रखमा त्याच्या फांदीवर पाय सोडून बसली असताना ‘तुम्ही’ म्हणणं जरा जड जाईल.

शुद्धलेखनिक
मास्तर, अगदी. आणि एकदा ‘म्हणाला’ लिहिलं की शेवटपर्यंत ‘म्हणाला’. भावनेच्या भरात मध्येच ‘म्हणाले’ येतं, ते मुलं लगेच पकडतात.

कौस्तुभ_के
झाड पुरुष हा माझा मुद्दा मागे घेतो, चिंच डोक्यात आली नव्हती. पण जुन्या वाङ्मयातून काही घेऊच नये असं मात्र नाही. महाभारतातल्या नलाच्या आख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याची पानं आणि फळं किती ते सांगतो, आणि नल रथ थांबवून मोजून बघतो. तीच विद्या शिकल्यावर नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि त्या बेहड्यात शिरतो. सह्याद्रीत बेहडे आहेतच. सगळं मोजून लक्षात ठेवणारं झाड हवं असेल तर याहून जुना आधार मिळणार नाही.

मास्तर_झेडपी
हे आवडलं. पण कली आत शिरलेलं झाड मुलांचं लाडकं कसं होणार? दुसरं झाड म्हणून ठेवा, रानातलं, ज्याच्याशी आंब्याचं पटत नाही असं.

गोदाकाठ
झाडाचं मार्गी लागतंय, तर मी नदीकडे वळतो. तुम्ही सगळे नदीला एक नाव शोधताय. आपल्या नद्यांना एक नाव असतंच कुठे? नाशिकला घाटावर जाऊन आलेला माणूस ‘गंगेवर गेलो होतो’ म्हणतो, ‘गोदावरीवर’ क्वचित. भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखं वळण घेते, तिथे ती चंद्रभागा होते. पाणी तेच, पण वारकरी ‘भीमेत स्नान केलं’ म्हणणार नाही.

दोन नद्या भेटल्यावरचे प्रकारही निरनिराळे आहेत. पुण्यात मुळा आणि मुठा भेटल्या, तर पुढची मुळामुठा. दोघींची नावं राहिली. तिकडे वर्धा आणि वैनगंगा भेटतात, तर पुढची प्राणहिता. दोघींचीही नावं संपली आणि तिसरीच सुरू झाली. आणि कोल्हापूरची पंचगंगा घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त म्हणून धरलेली. जिला कुणी बघितलेलंच नाही तीही नावात मोजलेली आहे.

नदी बोलते असं म्हणताय, तर हे तुमच्या गोष्टीचं यंत्रच आहे. वरच्या वाडीत तिचं एक नाव, देवळापाशी दुसरं, संगमाखाली तिसरं. ज्या काठावर जे नाव, त्याच नावाने हाक मारली तर ती ओ देते. रखमा वाडीतलं नाव घेऊन देवळापाशी गेली तर नदी गप्प. मग तिला तिथल्या म्हाताऱ्याला विचारावं लागेल, “तुम्ही हिला काय म्हणता?” गोष्ट आपोआप काठाकाठाने पुढे सरकेल.

सायली_लिहितेय
गोदाकाठ, हे वाचून मी उठून खर्डा काढला. रखमाने नदीमागून चालत जावं हे होतंच, पण तिने का जावं याचं कारण मिळत नव्हतं. ते मिळालं.

भीती एकच आहे. एका नदीची तीन नावं झाली, तर मुलांना तीन नद्या वाटतील का?

शुद्धलेखनिक
वाटतील, जर तिन्ही नावं सारख्याच वजनाची असतील तर. एक नाव रखमाचं ठेवा, आणि कथा सांगणाऱ्याच्या वाक्यात कायम तेच येऊ द्या. बाकीची फक्त माणसांच्या बोलण्यात, अवतरणचिन्हांत. तिसऱ्या नावाच्या वेळी नदीनेच एकदा म्हणावं, “मीच गं ती, वाडीतली.” तेवढं पुरतं.

पाणलोट
उशिरा आलो. माझं काम नद्यांचे प्रवाह मोजण्याचं आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. नावात ‘खळखळ’, ‘झुळझुळ’ आणण्याचा मोह होईल, तेव्हा आधी नदी कुठे आवाज करते ते बघा. पाणी दगडांवरून फुटतं तेव्हा त्यात हवा अडकते, बुडबुडे होतात, आणि आपल्याला ऐकू येतो तो बहुतेक त्या बुडबुड्यांचा आवाज. म्हणून उथळ खडकाळ जागी नदी बोलते, आणि खोल डोहात, जिथे पाणी सगळ्यात जास्त असतं, तिथे गप्प असते. वाळूच्या संथ पात्रातही जवळजवळ गप्पच. जूनमध्ये पहिला लोंढा येतो तेव्हा वेगळाच घोष, आणि एप्रिलमध्ये तुमच्या नदीचे डोहच उरणार असतील तर तेव्हा ती पूर्ण मुकी.

‘झुळझुळी’ नाव ठेवलंत तर पुरात आणि डोहात ते खोटं पडेल. आणि हा नियम गोष्टीत पाळलात, म्हणजे नदी फक्त खडकाळ उतारावर बोलते, डोहापाशी फक्त ऐकते, तर मुलं पुढच्या वेळी नदीवर गेली की कान देऊन खरं-खोटं करून बघतील.

बांधावरचा
बरोबर आहे. आमच्याकडं गुरं राखताना आवाजावरनंच कळतं, पाणी उतरायजोगं आहे का नाही. आणि डोहाला वेगळं नाव असतं, नदीला वेगळं. आमच्या नदीवर एका जागी कातळात पोकळी आहे. पावसाळ्यात पाणी तिथं शिरलं की घुमतं. त्या जागेला घुमणी म्हणतात.

सायली_लिहितेय
घुमणी! घुमणीने, घुमणीला, घुमणीच्या काठी. मोडत नाही. आता मोठ्याने हाक मारून बघितली, “घुमणीऽऽ”. शेवटची ई लांबवता येते. ‘ज्ञानवृक्ष’ला अशी हाक मारताच येत नव्हती, शेवटचा ‘क्ष’ लांबत नाही.

तर सध्या असं ठरवते आहे. वाडीत नदी ‘घुमणी’, आणि कथनात कायम तेच नाव. देवळापाशी बायका तिला नुसतं ‘माई’ म्हणतात. संगमाखालचं नाव अजून नाही. झाड रायवळ आंबा, नाव खोबऱ्या, क्रियापद एकवचनी. दोन ओळी लिहून बघितल्या:

‘रखमाने खोबऱ्याच्या बुंध्याला पाठ टेकली. “काल रात्री घुमणी काहीतरी म्हणत होती,” ती म्हणाली, “पण मला नीट कळलं नाही.” खोबऱ्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पाणी चढलं असेल. चढलं की ती घाईत बोलते.”’

पारंबी
ओळी छान आहेत, आणि इथे ‘खोबऱ्या’ उर्मट वाटत नाही हे मान्य. तरी पहिल्या भागात आजीच्या तोंडून एकदा कळू द्या की हे नाव कुणी ठेवलं, म्हणजे मुलांना ती सलगी वाटेल, तुच्छता नाही.

‘घुमणी’बद्दल मात्र मला शंका आहे. घुमणं म्हटलं की अंगात येणं आठवतं. आमच्याकडे देवीच्या पुढे बाया घुमतात. लहान मुलांना त्याची भीती असते. नदी रात्री रखमाशी बोलते, वर तिचं नाव घुमणी, म्हणजे काही मुलांना ते अंगात आल्यासारखं वाटेल.

मास्तर_झेडपी
मला नाही वाटत. पारवा घुमतो, घागर घुमते, तेही मुलांना ठाऊक असतं. पहिल्यांदा नाव येईल तेव्हा दिवसाउजेडी, पावसात, कातळातल्या पोकळीपाशी येऊ द्या. रखमाने कान लावून तो आवाज ऐकावा. मुलांच्या मनात नावाची पहिली ओळख जशी होते तशीच ती राहते.

पारंबी
शहरातल्या मुलांसाठी ठीक. गावातल्या मुलांचं तुम्हाला जास्त ठाऊक, पण माझी शंका तशीच आहे.

गोदाकाठ
संगमाखालच्या नावाबद्दल. प्राणहितेसारखं अगदी नवं नाव द्या, मुळामुठेसारखी जोडी नको. तिथे रखमाला कळलं पाहिजे, की आपली घुमणी आता कुठल्याच नावाला ओ देत नाही आणि तरी ती आहे. हा भाग कठीण आहे, पण गोष्टीचा जीव तिथेच आहे.

शुद्धलेखनिक
मला जोडी हवी आहे. आठ वर्षांच्या मुलासाठी ‘घुमणी संपली’ हे फार होईल, विशेषतः झोपायच्या वेळी. नावाचा अर्धा भाग तरी राहू द्या.

सायली_लिहितेय
दोघांचंही पटतंय, त्यामुळे तो भाग दोन्ही प्रकारे लिहून बघते. मास्तर, तुमच्या वर्गात पहिले तीन भाग वाचून दाखवाल का? संगमाचा भाग नंतर पाठवेन.

मास्तर_झेडपी
जरूर. शनिवारी शाळा सकाळची असते, शेवटचा तास मोकळा ठेवतो. पोरांना काय विचारू?

सायली_लिहितेय
आवडलं का, हे नका विचारू. वाचून झाल्यावर सोमवारपर्यंत विषयच काढू नका. सोमवारी फक्त म्हणा, “त्या झाडाला हाक मारा बघू.” कोण खोबऱ्या म्हणतं, कोण ‘ते झाड’ म्हणतं, आणि कुणी स्वतःच वेगळं नाव ठेवलं असेल तर ते, एवढं मला कळवा. आणि पारंबींच्या शंकेसाठी, नदीचं नाव घेताना कुणी दचकलं का तेही बघा.